अरुंद तोंडाची कुंडी

खातूनबी मणेरणीच्या हातात हात दिला की बाई बोलायला लागायची. नवऱ्याशी बोलणार नाही, आईला सांगणार नाही, ते खातूनबीला सांगायची. त्यात खातूनबीचं काही कसब नव्हतं असं लोक म्हणत, पण मला ते पटत नाही. ती हात धरायचीच तशी. बांगडी भरताना तिचं लक्ष बांगडीकडे नसायचं, हाताकडे असायचं. आधी तळवा चोळायची, मग अंगठा आत घ्यायला लावायची, मग बोटांची हाडं एकमेकांवर अलगद सरकवायची, आणि गप्पांच्या भरात बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचं नाही. पाटलाच्या सुनेसारखे कामाने राठ झालेले हात असोत नाहीतर कोवळ्या नवरीचे, खातूनबीच्या हातून काच सहसा जायची नाही. गेलीच एखादी, तर ती ‘फुटली’ म्हणायची नाही. ‘वाढली’ म्हणायची, आणि कुणी फुटली म्हटलं की डोळे मोठे करायची.

मी हरणाबाई. कराडातून मसूरच्या वाटेला कालव्याच्या कडेला आमची रोपवाटिका होती. नवरा गेल्यावर ती मीच चालवली. माझा स्वभाव तापट. झाडांशी मी गोड बोलते, माणसांशी तेवढं जमत नाही. खातूनबीशी मात्र माझं जमायचं, कारण माझ्या रागावर ती हसायची, आणि हसणाऱ्या माणसावर किती वेळ रागावणार?

खातूनबीचं घर मणेर गल्लीच्या टोकाला. तिच्या परसाची आणि रंगूबाईच्या परसाची भिंत एक, तीही कमरेएवढी. रंगूबाईची नदीकाठाला उसाची जमीन, अंगानं धिप्पाड, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला तिने सुनेला हाक मारली तर त्या टोकाच्या सुना उठून उभ्या राहायच्या. या दोघींचं भिंतीवरून सगळं चालायचं. ईदला शीरखुर्मा इकडून तिकडे, दिवाळीला करंज्या तिकडून इकडे, आणि मधल्या दिवसांत विरजण, विस्तव, सुईदोरा, एकमेकींची डोकी विंचरणं.

बहात्तरच्या दुष्काळात याच भिंतीवरून एक कुंडी इकडे आली. रंगूबाईचा भाऊ मानसिंग पलटणीत होता. त्याने बंगलोरहून बहिणीला प्लास्टिकच्या कुंड्यांची जोडी आणली होती. लालभडक, पोट फुगलेलं, गळा आवळलेला आणि काठाला फुलांची वेल उठवलेली. तेव्हा प्लास्टिकची साधी बादली घरात आली तरी लोक बघायला यायचे, मग या कुंड्यांचं काय सांगावं. रंगूबाईने एक धडप्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. दुसऱ्या कुंडीकडे खातूनबीच्या लेकीचं, जरिनाचं लक्ष गेलं.

जरिना तेव्हा शाळकरी पोरगी. शरबत केलं तेव्हाची लिंबाची बी तिने डालड्याच्या डब्यात पुरली होती आणि ती उगवली होती. डबा गंजून त्याचं बूड गेलं. जमिनीत लावावं तर घालायला पाणी नव्हतं. जरिना भिंतीपाशी उभी राहून काही न मागता नुसती बघत राहिली, आणि तेवढ्याने रंगूबाई विरघळली.

“घे जा गं,” ती म्हणाली. “पन कुंडी माजी हाय, ध्यानात ठेव.”

खातूनबीने ते ध्यानात ठेवलं. पाच वर्षं ती ओल्या फडक्याने कुंडी पुसायची, काठावरची वेल काडीने कोरून साफ करायची. भांडी विसळलेल्या पाण्यावर लिंबाचं झाड वाढलं, तिच्या छातीला आलं. जरिनाही वाढली. शहात्तर साली तिचं लग्न आटपाडीला झालं आणि पोरगी त्या उन्हाच्या मुलखात गेली. जाताना आईला म्हणाली, “अम्मा, पहिलं लिंबू मला ठेव. दुसऱ्या कुनाला न्हाई.”

सत्त्याहत्तरच्या पौषात जरिनाला दिवस गेल्याची खबर आली, आणि माघात झाडाला कळी धरली. पहिल्यांदाच. खातूनबीने ते मला बाजारात अडवून सांगितलं. बांगड्यांची पेटी रस्त्यात खाली ठेवून सांगितलं. लेक पावसाळ्याच्या तोंडाला बाळंतपणाला यायची, आणि तोवर तिच्या स्वतःच्या झाडाचं लिंबू तयार व्हायचं. एवढा सरळ हिशोब तिने मांडला होता. तिला एवढी खूश मी जरिनाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात रंगूबाईच्या लेकीचं, शालनचं लग्न ठरलं.

मुलगा सांगलीचा, विहीणबाई शहरातल्या. रंगूबाईला रुखवताचा घोर लागला. लाडू-चकल्यांचे मनोरे काय, कुणीही रचतं. तिच्या मनात त्या लाल कुंड्यांची जोडी भरली होती. दोन्हींत कागदी गुलाब खोचायचे आणि रुखवताच्या दोन बाजूंना उभ्या करायच्या. जोडी म्हणजे जोडी. एकीचं काही शोभलं नसतं. ती भिंतीपाशी आली आणि कुंडी मागितली.

“देते की,” खातूनबी म्हणाली. “झाड काढून देते.”

“मग काढू या,” म्हणत रंगूबाई भिंत ओलांडून आली, आणि खातूनबी बांगड्यांची पेटी आत ठेवून येते तोवर तिने झाडाचं खोड दोन्ही मुठीत धरून उसाचा कोंब उपटावा तसा हिसका दिला.

खाली काहीतरी कट्‌कन वाजलं. कुंडी जागची हलली नाही. कळ्यांची मूठभर पांढरी नक्षी मात्र जमिनीवर सांडली.

“झाडाला हात लावू नगंस,” खातूनबी म्हणाली. तिचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. रंगूबाईने तर नाहीच.

“आन माज्या कुंडीला तू लावू नगंस,” रंगूबाई म्हणाली आणि भिंत ओलांडून परत गेली.

झालं. भिंतीवरून काही येईना, काही जाईना. शालनचा चुडा भरायला मसूरची मणेरीण सांगणार असं रंगूबाईने गल्लीत जाहीर केलं. शालनला पहिली बांगडी खातूनबीने भरली होती, नाळ वाळली नव्हती तेव्हा. ते ऐकून खातूनबी माझ्याकडे चालत आली. पेटी न घेता आलेली ती मी पहिल्यांदाच पाहिली.

मी जाऊन झाड बघितलं. वरून पाणी ओतलं तर ते आत मुरायचं नाव घेईना. कडेकडेने धावलं आणि बुडाच्या भोकातून बाहेर आलं. कुंडीच्या पोटावर टिचकी मारली तर दगडासारखी लागली. आत माती उरलीच नव्हती म्हणा ना, सगळी मुळंच होती. वाढायला जागा नाही म्हणून ती कुंडीच्या आतून गोल गोल फिरत बसलेली. बोटाएवढं एक मूळ भोकातून निघून थेट जमिनीत गेलं होतं. हिसक्याने तुटलं ते त्याच्या शेजारचं दुसरं. झाडाची काही पानं आतून वळायला लागली होती.

साध्या कुंडीत एवढं अवघड नसतं. वरती रुंद, खाली निमुळती कुंडी असली की चांगली भिजवायची, बाजूने दाबून सैल करायची, उलटी करायची, बोटांत खोड धरायचं, काठ आपटायचा, गड्डा पेढ्यासारखा हातात येतो. इथे पोट मोठं आणि तोंड बारीक. पोटाएवढा झालेला मुळांचा गड्डा त्या तोंडातून यायचा कसा?

“कुंडी काप,” मी म्हटलं. “करवतीनं उभी काप, दोन शकलं कर, झाड सुखरूप निघंल.”

“दुसऱ्याची हाय ती.”

“मग रंगूला दे नवी घेऊन.”

“तसली हितं मिळत न्हाई. आन मिळाली तरी ती तिच्या भावानं आनल्याली न्हाई.” खातूनबी पानांवरून हात फिरवत होती. “हरणाक्का, कुंडीला धक्का न लावता काढा. तेवढं बघा.”

मला राग आला. ज्या बाईने तिच्या झाडाची अशी दशा केली, तिच्याच कुंडीची हिला फिकीर. पण मग वाटलं, हिला काही फक्त झाड वाचवायचं नाही. मी भिंतीवरून रंगूबाईला हाक मारली आणि तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं, “उद्या सकाळी नळाला पाणी आलं की हितं यायचं. कुंडी पायजे असली तर धरायला तूच यायचीस. मी तुजा गडी न्हाई.”

संध्याकाळी मी आणि खातूनबीने खुरप्याने कुंडीभोवतीची जमीन उकरली. जमिनीत गेलेल्या मुळाचा माग काढत काढत हातभर लांब गेलो आणि ते अख्खं मोकळं केलं. ओल्या पोत्यात गुंडाळलं. मग काट्याकुट्याच्या फांद्या जुन्या लुगड्याने अलगद वर बांधल्या, म्हणजे त्या मोडणार नाहीत आणि आपल्यालाही बोचणार नाहीत. दोघींनी कुंडी उचलून कपड्यांच्या टबात ठेवली आणि टब काठोकाठ भरला. कोरड्या गड्ड्याला हात लावायचा नसतो. कोरडी मुळं काडीसारखी मोडतात, भिजलेली वळतात. पाण्यात बुडबुडे यायला लागले ते बराच वेळ येत राहिले. बिचारं किती दिवसांचं तहानेलं होतं कोण जाणे.

सकाळी हवेत गारवा होता. माघातल्या सकाळी असतो तसा. रंगूबाई आली आणि माझ्याकडे बघून उभी राहिली. खातूनबी माझ्याकडे बघून बसली. माझ्याशिवाय त्या परसात बघण्यासारखं कुणी नसल्यासारखं दोघींचं चाललं होतं.

पहिलं काम माती काढायचं. कुंडी आडवी केली आणि तोंडातून पाण्याची धार सोडली. गड्ड्याच्या खांद्यावरची माती गढूळ होऊन बाहेर यायला लागली. बोटाने खांदा कोरायचा, धार सोडायची, कुंडी थोडी फिरवायची, पुन्हा कोरायचं. रंगूबाईने कुंडी मांडीवर घेतली होती आणि तळव्यांनी तिचं पोट मळत होती, म्हणजे आतली मुळं कुंडीच्या कडांपासून सुटतील.

“हरणाक्का, तिला म्हनावं जरा हळू दाब,” खातूनबी मला म्हणाली.

“हळू दाब,” मी रंगूबाईला म्हटलं.

“तिला म्हनावं भाकरीचं पीठ रोज मीच मळती,” रंगूबाई मला म्हणाली.

मी खातूनबीकडे वळले. “पीठ तीच मळते.”

असं चाललं होतं. माझ्या तोंडाला कोरड पडली. दोघी हाताच्या अंतरावर, एकीचा गुडघा दुसरीच्या गुडघ्याला लागत होता, आणि निरोप माझ्यामार्फत. शेवटी मी म्हटलं की मला दोन तोंडं नाहीत, तर दोघींनाही एकदम हसू आलं आणि दोघींनीही ते गिळलं.

माती बरीच निघाली तशी मुळं दिसायला लागली. पिवळसर, दोरीच्या वेटोळ्यांसारखी. खांद्यापाशी गड्डा मऊ झाला होता. पण बुडाशी ते बोटाएवढं मूळ होतं. भोकातून बाहेर पडल्यावर ते भोकापेक्षा जाड झालं होतं, आतही जाड आणि बाहेरही जाड, मधे भोकाने आवळलेलं. ना आत येणार, ना बाहेर.

मी ते बघितलं आणि जे खरं ते सांगितलं. “एक आधीच तुटलंय. हे तोडलं तरी झाड मरायचं न्हाई. पन कळ्या टिकायच्या न्हाईत. एवढी मुळं गेल्यावर झाड आधी स्वतःला बघतं, फळाला न्हाई.”

 खातूनबीने झाडाकडे बघितलं, मग रंगूबाईच्या मांडीवरच्या लाल कुंडीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने दंडाला पुसलं.

“तोडा,” ती म्हणाली. “तिच्या लेकीचं लगीन हाय. लिंबू काय, फुडल्या साली यील.”

“कशाला तोडता?” रंगूबाई एकदम बोलली, आणि या वेळी माझ्याकडे बघून नाही. “पोरगी ह्या साली गरवार हाय का फुडल्या साली? कापा कुंडी.”

“कुंडी कापायची न्हाई,” खातूनबी म्हणाली.

“माजी कुंडी हाय. मी कापीन न्हाईतर चुलीत घालीन.”

“आन माजं झाड हाय. तोडा म्हनते ना मी.”

आता दोघी भांडत होत्या, पण एकमेकींशी. मला एवढं बरं वाटलं की मी मधे पडले नाही. भांडता भांडता रंगूबाईने कुंडी उलटी केली, तिचं बूड बघितलं, आणि बोलायची थांबली.

“हरणाक्का,” ती म्हणाली, “रुखवतात कुंडीचं बूड कोन बघतंय?”

त्या वेळी मला तिचा मुका घ्यावासा वाटला. मी रोजच्या रोज कुंड्यांत वावरणारी बाई, अख्खी कुंडी कापायची एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. बूड माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मुळाला ओल्या फडक्याचे वेढे दिले आणि खातूनबीने ते एका बाजूला दाबून धरलं. मी दुसऱ्या बाजूने सुरीने भोकाचा काठ खरवडत, कातरत नेला. तळवा आत जाईल एवढी वाट झाली. मूळ सुटलं. त्याला आत घेताना मी फडकं सोडलं नाही, हाताने धरून, वळवून, जिकडे जातं तिकडे जाऊ दिलं. आणि त्या वाटेने आता खालून गड्ड्याला हात लावता येत होता. हे भलतंच कामाला आलं.

राहिलं तोंड. पाच उन्हाळ्यांनी तोंडाचं प्लास्टिक ताठरलं होतं, काठ पांढुरका झाला होता. दाबायला गेलं तर तडकेल अशी भीती. मी चुलीवर पाणी ठेवायला लावलं. त्यात फडकी बुडवून, पिळून, काठाला बाहेरून शेक दिला. आत थेंब जाऊ दिला नाही, मुळं भाजली असती. काठ थोडा नरम आला. मग रंगूबाईने कुंडी आडवी छातीशी धरली, खातूनबीने झाडाचं बुंध्यापासचं अंग दोन्ही हातांत घेतलं, आणि मी बुडातून तळव्याने गड्डा ढकलायला लागले.

“झाड कुनी ओढायचं न्हाई,” मी बजावलं. “झाड जागेवर. कुंडी मागं सरकंल.”

गड्डा आला. खांदा तोंडातून बाहेर दिसला. आणि तिथे अडकला. रंगूबाईने जोर लावला, तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी आतून लावला. काहीतरी ताणल्याचा बारीक आवाज आला.

“थांब,” खातूनबी म्हणाली. “सोड. दोगी बी सोडा.”

आम्ही सोडलं.

“अडलंय तितं जोर लावत्यात व्हय?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम पेटीपुढे बसलेल्या खातूनबीचा झाला. “बांगडी हाडावर अडली तर मी काय करते? मागं घेते. हात बारीक करते. तवा फुडं.”

“मग कर की,” रंगूबाई म्हणाली.

“गड्डा आत जाऊ द्या.”

एवढ्या कष्टाने बाहेर आलेला खांदा आम्ही परत आत घेतला. माझ्या जिवावर आलं होतं. खातूनबीने तोंडातून बोटं आत घातली आणि डोळे मिटले. मुळांची वेटोळी ती चाचपत होती, एकावर एक चढलेली बाजूला सरकवत होती, जशी बोटांची हाडं सरकवायची तशी. पाण्याची धार सोडायला सांगायची, आणखी थोडी माती निघायची, गड्डा आणखी थोडा मऊ व्हायचा. हळूहळू तो गोलाचा चपटा झाला.

“आता रंगू, काठ दोनी बाजूंनी दाब. वरून न्हाई, आडवा. गोल हाय त्याचं लांबट होऊ दे. अंगठा आत घेतल्यावर हात कसा व्हतो, तसा गड्डा केलाय मी. लांबट वाटंनं चपटं जाईल.”

रंगूबाईने काठ दाबला. भाकरीचं पीठ मळणारे हात, पण त्या वेळी तिने ते अंड्यावर ठेवावेत तसे ठेवले होते. गोल तोंड लांबट झालं. मी खालून तळवा टेकवला, ढकललं नाही, नुसता टेकवला. खातूनबी झाडाला थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते विचारू नका. आटपाडीतल्या उन्हाबद्दल होतं, शालनच्या सासूबद्दल होतं, कुठल्या रंगाचा चुडा शालनला खुलेल ते होतं. रंगूबाई हूं हूं करत होती. हात धरला की खातूनबी बोलणार, त्याला काही इलाज नव्हता.

आणि बोलता बोलता गड्डा बाहेर आला. एकदम नाही. एक खांदा, मग पोट, मग शेवटी ते लांबलचक मूळ फडक्यासकट. कुंडी रंगूबाईच्या कवेत रिकामी राहिली आणि ती बसल्या जागी मागे कलंडली. खातूनबीच्या मांडीवर मुळांचा ओला गोळा होता, हुबेहूब कुंडीच्या आकाराचा, फक्त थोडा दबलेला.

 मग कुंडी पोटाशी धरून आडवी पडलेली रंगूबाईच हसायला लागली. पोट हलवत, गल्ली दणाणून सोडत हसली. खातूनबीही हसली, आणि मी तर माझ्या रागाचं काय झालं ते आठवेना एवढी हसले.

मग पुढची कामं मी कुणाला करू दिली नाहीत. पाण्याच्या टबात गड्डा धरून बाहेरची वेटोळी बोटांनी सोडवली, कारण गोल फिरायची सवय लागलेली मुळं जमिनीत गेली तरी गोलच फिरत राहतात. हिसक्याने तुटलेल्या मुळाचं फाटकं टोक साफ कापलं. खड्डा आधीच खणून त्यात जुनं शेणखत आणि माती कालवली होती. मुळं पसरून, झाड पूर्वी होतं तेवढंच खोल ठेवून, माती हाताने बसवली, पाणी दिलं, काठीचा आधार दिला. वरून जुन्या लुगड्याची सावली केली.

“आता कळ्या काढून टाक,” मी खातूनबीला म्हटलं. “झाडावर भार नको.”

“सगळ्या?”

तिचा चेहरा बघून माझं मन द्रवलं. भिंतीच्या बाजूची एक फांदी ठेवली, बाकीच्या कळ्या मी स्वतः खुडल्या. एवढी सवलत मी गिऱ्हाइकाला कधी दिली नसती.

पुढचे दिवस वाईट गेले. झाडाने पानं टाकली. ठेवलेल्या फांदीवर फुलं उमलली आणि त्यांच्या पाकळ्या गळायला लागल्या. खातूनबी रोज मला निरोप पाठवायची आणि मी रोज सांगायची, पाकळी गळू दे, मागे काय राहतं ते बघ. एके दिवशी रंगूबाईच माझ्याकडे आली, धापा टाकत.

“मोहरीएवढं हिरवं हाय,” ती म्हणाली. “पाकळीच्या मागं. चार हायत. खातून म्हनती तीन, पन मी चार बगितली.”

शालनचा चुडा खातूनबीनेच भरला, हे वेगळं सांगायला नको. मसूरच्या मणेरणीला कुणी सांगितलंच नव्हतं. रंगूबाईने नुसती हूल उठवली होती. रुखवतात लाल कुंड्यांची जोडी कागदी गुलाबांनी भरून दोन बाजूंना उभी राहिली आणि सांगलीच्या विहीणबाई तिच्यापुढून हलेनात. शेवटी त्यांनी एक कुंडी कौतुकाने उचलली. नेमकी तीच. रंगूबाईचं तोंड उतरलं. विहीणबाईंनी बुडाचं मोठं भोक बघितलं, त्यातून दोन बोटं बाहेर काढली आणि विचारलं, “हे काय हो?”

“त्यातनं झाड बाळंत झालंय,” खातूनबी मागून म्हणाली. “सुखरूप.”

विहीणबाईंना काय समजलं देव जाणे. पण त्यांनी कुंडी पहिल्यापेक्षा जपून खाली ठेवली.

ज्येष्ठात जरिना आली. आठवा महिना, पाय जड, हात सुजलेले. रंगूबाईने तिला हिरवं लुगडं आणि हिरव्या बांगड्या घेतल्या आणि मला आवर्जून बोलावलं. खातूनबी लेकीचा हात घेऊन बसली. सूज एवढी की बांगडी अंगठ्याच्या बुडाशीच थबकली. पोटच्या पोरीचा हात, त्यामुळे असेल, खातूनबीचं बोलणं थांबलं आणि तिने बांगडीवर जोर दिला.

“अगं, सोड,” रंगूबाई म्हणाली. “अडलंय तितं जोर लावत्यात व्हय? मागं घे.”

खातूनबी तिच्याकडे बघतच राहिली. मग मागे घेतली. रंगूबाईने जरिनाचं कोपर आपल्या मांडीवर घेतलं, खातूनबीने तळवा चोळायला घेतला, आणि दोघींनी बोलत बोलत बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही.

मग खातूनबी परसात गेली आणि आली ती मूठ मिटून. जरिनाच्या हिरव्या बांगड्यांच्या हातावर तिने ती उघडली. लिंबू हिरवंच होतं, लहानसं, एका बाजूला किंचित पिवळं.

जरिनाने ते नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग विळीवर दोन फोडी केल्या, एकीला मीठ लावलं आणि चोखली. आंबटाने तिचे डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सगळंच आंबटाचं नव्हतं. रंगूबाई तर लिंबू न चाखताच रडत होती.

जरिनाने दुसरी फोड तिच्यापुढे केली.

“तू म्हनालीवतीस, दुसऱ्या कुनाला न्हाई,” रंगूबाई पदराने नाक पुसत म्हणाली.

“तुमी दुसऱ्या हाय का?” जरिना म्हणाली.

रंगूबाईने फोड घेतली. चाखायच्या आधी बोटाने तिच्यातल्या बिया एकेक काढून तळहातावर घेतल्या, आणि उठून भिंतीकडे चालायला लागली. खातूनबीने विचारलं, कुठे निघालीस.

“लावायला,” रंगूबाई म्हणाली. “आन कुंडीत न्हाई लावनार.”